क्लॉक पाव हिस्सा कमी केलं, वॅट निम्म्यावर आले. हे कसं काय?

रेशीमगाठी_परभणी

नमस्कार मंडळी. परभणीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. सहा कोअरचा डेस्कटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे रेंडरचा सगळा भार प्रोसेसरवर. मे महिन्यात दुपारी खोली 42 अंशांवर जाते, त्यातच लाईट जाते आणि काम इन्व्हर्टरवर चालवावं लागतं. प्रोसेसर 100 अंशांना टेकतो आणि पंखा नुसता ओरडत राहतो.

एका मित्राच्या सांगण्यावरून विंडोजमधलं Maximum processor state 100 वरून 99 केलं. त्या एका टक्क्यात टर्बोच बंद झाला. सकाळी खोली 31 अंशांवर असताना HWiNFO मध्ये दोन्ही आकडे घेतले, रेंडर तेच, अर्ध्या तासाचं.

आधी सगळे कोअर 4.2 GHz, 1.25 V, CPU Package Power 90 W, तापमान 90 च्या जवळ. नंतर 3.2 GHz, 0.95 V, 45 W, तापमान साठच्या घरात. रेंडरला 30 ऐवजी 39 मिनिटं लागली.

वेग 24 टक्के उतरला, तर वॅटही साधारण तेवढेच उतरायला हवे होते. निम्मे कसे झाले? आणि निम्मेच होत असतील, तर कंपनी 4.2 वर चालवते तरी कशाला?

आयटीआय_नांदेड

सोपं आहे. P = V²/R. हीटरचं गणित आहे तेच. व्होल्टेज 1.25 वरून 0.95 झालं, दोन्हींचा वर्ग करून भागा, 0.58 येतं. 90 चे 52 झाले. बाकीचे पाच-सात वॅट मोजण्यातला फरक समजा. क्लॉकचा उष्णतेशी थेट संबंध नाही, उष्णता व्होल्टेज करतं.

मांजराकाठ

नांदेडकर भाऊ, वर्ग बरोबर पकडलात, पण तो हीटरच्या वाटेने येत नाही. क्लॉकही सोडून चालणार नाही. मी लातूरचा, बरीच वर्षं चिप डिझाइनमध्ये आहे, रोजचं काम हेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हीटरमध्ये करंट सतत वाहतो. प्रोसेसरचं गेट शून्यावर किंवा एकवर स्थिर असताना त्यातून जवळपास काहीच वाहत नाही. वरचा ट्रान्झिस्टर चालू असेल तर खालचा बंद, खालचा चालू असेल तर वरचा बंद. खर्च होतो तो बदलताना. पुढच्या गेटचं टोक आणि तिथवरची तार मिळून एक छोटा कपॅसिटर असतो. शून्याचा एक करायचा तर तो V पर्यंत भरायचा, एकचा शून्य करायचा तर जमिनीला रिकामा करायचा.

आता गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. तिची पातळी V उंचीवर कायम धरलेली आहे. खाली जमिनीवर सरळ भिंतींचा हौद आहे, तो त्याच पातळीपर्यंत भरायचा. हौदात किती पाणी मावेल? उंचीच्या प्रमाणात, हौदाचा पसारा C धरला तर C गुणिले V. आणि त्यातला प्रत्येक थेंब टाकीने V उंचीवरून दिला. म्हणून टाकीचा एकूण खर्च C·V·V. वर्ग तिथून आला. एक V पाणी किती लागलं याचा, दुसरा ते किती उंचावरून आलं याचा.

भरून झाल्यावर हौदातल्या पाण्यात बरोबर निम्मी ऊर्जा उरते, निम्मी पाइपात घर्षणाने गेली. मग हौद रिकामा केला की उरलेली निम्मीही गेली. पाइप जाड असो की बारीक, हा हिशोब बदलत नाही. जाड पाइपातून पाणी लवकर जाईल, इतकंच. चिपमध्येही असंच आहे. निम्मी उष्णता वरच्या ट्रान्झिस्टरमध्ये भरताना, निम्मी खालच्यात रिकामं करताना. R कुठेही येत नाही.

हे सेकंदाला किती वेळा घडतं ते क्लॉक, म्हणजे f, ठरवतं. सगळीच गेटं प्रत्येक ठोक्याला बदलत नाहीत, म्हणून α हा हिस्सा पुढे लागतो.

```
P = α · C · V² · f
```

तुमच्या आकड्यांवर लावू. 90 पैकी साधारण 10 W मेमरी कंट्रोलर, गळती वगैरेचे धरू, ते या सूत्रात बसत नाहीत. हा माझा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. उरले 80. 80 ला 1.25 च्या वर्गाने आणि 4.2 GHz ने भागलं की α·C सुमारे 12.2 नॅनोफॅरड येतं. अख्ख्या चिपमध्ये दर ठोक्याला सरासरी इतका कपॅसिटर भरतो आणि रिकामा होतो.

आता नुसतं क्लॉक 3.2 वर आणा, व्होल्टेज 1.25 च ठेवा. 80 चे 61 होतात. हे तुमच्या अपेक्षेसारखंच आहे, 24 टक्के कमी. त्यावर व्होल्टेज 0.95 करा. 61 चे 35 होतात. वरचे 10 मिळवले की 45. मीटरवर दिसलं तेच. घट एकूण 45 वॅटची, त्यातले 19 क्लॉकने दिले, 26 व्होल्टेजने.

आयटीआय_नांदेड

हौदाचं पटलं. पण ट्रान्झिस्टरला, तारेला रेझिस्टन्स असतोच. रेझिस्टन्स कमी-जास्त झाला आणि काहीच फरक पडत नाही, हे मनाला पटेना. कारखान्यात बारीक वायर टाकली की ती तापते, हे रोज हाताने बघतोय.

मांजराकाठ

तिथे लोड ठरलेला करंट सतत ओढत असतो, म्हणून वायर बारीक झाली की I²R वाढतो. इथे ठरलेला आहे तो चार्ज. R वाढला की करंट कमी होतो आणि जास्त वेळ वाहतो, गुणाकार तेवढाच राहतो.

पण R ने वेळ ठरते, आणि मूळ प्रश्नाचं दुसरं अर्ध उत्तर त्या वेळेतच आहे. 4 GHz ला एक ठोका 250 पिकोसेकंदांचा. तेवढ्यात बिट धरून ठेवणाऱ्या एका फ्लिप-फ्लॉपमधून निघालेला सिग्नल मधली दहा-वीस गेटं ओलांडून पुढच्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोचून स्थिर झाला पाहिजे. चिपमधली सगळ्यात लांब वाट जेवढा वेळ घेते, त्यापेक्षा ठोका लहान करता येत नाही. प्रत्येक गेट किती लवकर भरेल ते ट्रान्झिस्टर किती करंट देतो त्यावर, आणि तो करंट व्होल्टेज थ्रेशोल्डच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू होतो त्या व्होल्टेजच्या, किती वर आहे त्यावर. म्हणजे क्लॉक वाढवायचं तर व्होल्टेज वाढवून गेटं चपळ करावी लागतात. f एकटा कधी येत नाही, V ला सोबत घेऊन येतो. V चा वर्ग आणि वर f, म्हणून वरच्या टोकाला पॉवर जवळपास वेगाच्या घनाने चढते.

परभणीकरांच्या चिपला समजा 4.6 साठी 1.40 V लागले. त्याच 12.2 नॅनोफॅरडने 110 W येतात. वेग साडेनऊ टक्के जास्त, उष्णता 37 टक्के जास्त. कंपनी 4.2 का देते? कारण ज्याला दोन सेकंदांचं काम आहे त्याला ते दोन सेकंद हवे असतात, आणि तेवढ्यात कूलर तापतही नाही. अर्धा तास सलग रेंडर करणाऱ्याचं गणित वेगळं.

काळी_आई

मंडळी, एक शंका. आम्ही गेवराईकडचे. विहिरीवर तीन फेजची मोटर, 415 च्या जागी कधी कधी 310-320 येतं. कमी व्होल्टेजवर चालवली की मोटर तापते आणि जळते. गावात दर हंगामात कुणाची ना कुणाची वाइंडिंग भरून आणावी लागते. तुम्ही तर सांगायलात की व्होल्टेज कमी तर उष्णता कमी. मग मोटरला का लागू होईना? आणि पोराचा कॉम्प्युटर घरात 170 वर चालतो, मग तो थंड राहायला पाहिजे की.

मांजराकाठ

दादा, दोन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत, एकेक घेऊ.

मोटरला पाणी तेवढंच वर ओढायचं असतं, ओझं कमी होत नाही. व्होल्टेज पडलं की ती तेच काम करायला जास्त अँपिअर ओढते, वेगही थोडा मागे पडतो, आणि वाइंडिंगमध्ये I²R वाढतो. तिथे नांदेडकरांचं वायर तापण्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. प्रोसेसरचं गेट असं ओझं ओढत नाही. व्होल्टेज कमी दिलं तर ते कमी चार्ज घेतं आणि हळू बदलतं. जास्त अँपिअर ओढून भरपाई करायला जात नाही. फारच कमी दिलं तर उत्तर चुकवतं, पण तापत नाही.

पोराच्या कॉम्प्युटरचं असं, की 170 असो वा 230, SMPS त्यातून 12 V करतो आणि मदरबोर्डवरचा रेग्युलेटर 12 चे 1.25 किंवा 0.95, चिप मागेल तेवढे करतो. भिंतीवरचं व्होल्टेज चिपपर्यंत पोचतच नाही. उलट 170 वर SMPS ला तेवढेच वॅट द्यायला भिंतीतून जास्त अँपिअर घ्यावे लागतात, म्हणजे तो तुमच्या मोटरसारखा वागतो. तापलाच तर SMPS तापेल, प्रोसेसर नाही.

काळी_आई

आता उलगडा झाला. पोराला सांगतो की डब्याच्या मागचा SMPS चा पंखा साफ ठेव.

प्राध्यापिका_संभाजीनगर

या सूत्राचा इतिहास फार बोलका आहे. 1993 चा पहिला पेंटियम 5 V वर चालायचा. त्याचं 66 MHz चं मॉडेल कमाल 16 W च्या आसपास उष्णता काढायचं. पुढच्या वर्षी 3.3 V चा पेंटियम आला, 100 MHz चा. वेग दीडपट, पण उष्णता 10 W च्या आसपास. 5 चा वर्ग 25, 3.3 चा जवळपास 11. दीडपट क्लॉक धरूनही गुणाकार खालीच येतो, करून बघा. शिवाय ट्रान्झिस्टर लहान झाल्याने C ही थोडा कमी झाला.

असं बरीच वर्षं चाललं. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलं होतं, की ट्रान्झिस्टर जितक्या पट लहान कराल तितक्याच पट व्होल्टेज उतरवा, म्हणजे दर चौरस मिलिमीटरची उष्णता वाढणार नाही आणि क्लॉक वाढवता येईल. अडलं ते थ्रेशोल्डपाशी. व्होल्टेज उतरवायचं तर थ्रेशोल्डही उतरवावा लागतो, आणि थ्रेशोल्ड उतरला की बंद ट्रान्झिस्टरही गळायला लागतो. ती गळती दर थोड्या मिलिव्होल्टला पटीपटीने वाढते. म्हणून व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास येऊन अडकलं. 2004 चा 90 नॅनोमीटरचा पेंटियम 4 3.8 GHz ला 115 W वर पोचला. 4 GHz चं मॉडेल जाहीर झालं होतं, ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द झालं. तिथून उद्योग एकाऐवजी दोन कोअरकडे वळला. वर्गात मी P = α·C·V²·f फळ्यावर लिहिते तेव्हा आधी ही गोष्ट सांगते, मग V वरचा वर्ग कुणाच्या डोक्यातून जात नाही.

धूळपेरणी

मला एक खटकतंय. HWiNFO मध्ये जे व्होल्टेज दिसतं ते बऱ्याचदा VID असतं, म्हणजे चिपने मागितलेलं. लोड आला की प्रत्यक्ष व्होल्टेज त्याहून खाली घसरतं. मग 1.25 आणि 0.95 वर उभं केलेलं 12.2 नॅनोफॅरड किती खरं? आणि ते 10 W तर अंदाजानेच धरलेत. दोन ढिले आकडे धरून उत्तर नेमकं 45 आलं, यावर माझा भरवसा नाही. दोन बिंदूंतून कुठलीही रेघ काढता येते.

मांजराकाठ

रास्त आक्षेप. मदरबोर्डच्या सेन्सरवर Vcore वेगळा दिसत असेल तर तो घ्या. प्रत्यक्षातलं 1.20 आणि 0.92 निघालं, तरी गुणोत्तर फारसं हलत नाही. पण दोन बिंदूंनी सिद्ध होत नाही, हे खरं. तिसरा बिंदू हवा. परभणीकर, 3.6 GHz वर चालवून बघता येईल का? तुमच्याकडे तिथे व्होल्टेज किती पडतं ते आधी सांगा, मी वॅट आधीच लिहून ठेवतो.

रेशीमगाठी_परभणी

BIOS मध्ये टर्बो रेशो 36 केला. रेंडरमध्ये 1.04 V दिसतंय. Vcore चा सेन्सरही हजारांशाच्या फरकाने तेवढंच दाखवतोय, म्हणजे माझ्या बोर्डवर तरी घसरण फार नाही. वॅट सांगत नाही, तुम्ही लिहा आधी.

मांजराकाठ

12.2 नॅनो गुणिले 1.04 चा वर्ग गुणिले 3.6 गिगा. साडेसत्तेचाळीस. अधिक 10. माझा आकडा 57 किंवा 58.

रेशीमगाठी_परभणी

सकाळी 57. दुपारी, खोली 42 वर असताना, तेच रेंडर, तेच 3.6, तेच 1.04 V, पण 61. वेळ दोन्हीकडे 35 मिनिटं.

धूळपेरणी

तिसरा बिंदू बसला, मान्य. पण दुपारचे चार वॅट कुठून आले? तुमच्या सूत्रात तापमान कुठेच नाही.

मांजराकाठ

नाहीच. ती गळती. चिप तापली की बंद ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट वाढतो, तो चिपला अजून तापवतो. म्हणून मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा प्रश्न दुहेरी आहे. खोलीचे 11 अंश जसेच्या तसे तापमानात मिळतातच, शिवाय तेवढ्याच कामाला वॅटही जास्त लागतात. तुमच्या 90 W ला 58-59 अंशांची चढ होती, म्हणजे कूलर दर वॅटला 0.65 अंश देतो. 42 च्या खोलीत 90 W म्हणजे थेट 100. म्हणून दुपारी तुम्हाला 4.2 मिळतच नाही, मागेपुढे होत राहतं. 61 W ला 82 च्या आसपास यावं.

आयटीआय_नांदेड

चार वॅट रेग्युलेटरचे असतील. मदरबोर्डवरचे मॉस्फेट तापले की त्यांचा रेझिस्टन्स वाढतो. इथे तर I²R आहेच, 1 व्होल्टला 50-60 अँपिअर वाहतात.

मांजराकाठ

हे अगदी शक्य आहे, पण तो तोटा Package Power मध्ये धरला जात नाही, भिंतीवरच्या मीटरमध्ये धरला जातो. Package चा आकडाच वाढला असेल तर माझा कल चिपकडे.

धूळपेरणी

बोर्ड तो आकडा नेमका कळवतो यावर भरवसा ठेवला तर. काही बोर्ड चिपला करंट कमी असल्याचं सांगतात. पंखा मुद्दाम हळू करून, खोली सकाळचीच ठेवून, फक्त चिप गरम केली तर निवाडा होईल.

रेशीमगाठी_परभणी

ते सवडीने करतो, सध्या लग्नसराई आहे. एक सांगा, इन्व्हर्टरच्या बॅटरीला काय परवडतं? प्रोसेसर सोडून मॉनिटर, डिस्क, बोर्ड मिळून 40 W धरा, मीटर तेवढंच दाखवतो.

मांजराकाठ

हाच खरा पैशाचा प्रश्न. ठरलेल्या रेंडरला ठोके ठरलेले असतात. ते सावकाश मारले की वॅट कमी, पण मिनिटं जास्त, f आपोआप छाटला जातो. कामाच्या एकूण खर्चात उरतो फक्त V². म्हणून व्होल्टेज न उतरवता नुसतं क्लॉक उतरवलं, तर खोली कमी तापेल, पण बॅटरीचं काही वाचणार नाही.

तुमचं मोजू. 4.2 वर 130 W, अर्धा तास, 65 वॅट-तास. 3.2 वर 85 W, 39 मिनिटं, 55. 3.6 वर 97 W, 35 मिनिटं, 57. म्हणजे 3.6 ला दोन वॅट-तास जास्त जातात आणि चार मिनिटं वाचतात. आता 2.0 GHz वर आणलं तर? एका मर्यादेखाली चिप व्होल्टेज उतरवत नाही. समजा 0.80 ला अडकली. प्रोसेसर 25 W च्या आसपास, अधिक 40, आणि वेळ तासाच्या वर. 68 वॅट-तास. पूर्ण वेगापेक्षाही जास्त, कारण तेवढा वेळ मॉनिटर आणि डिस्क जळत बसले.

विद्यार्थी_बीड

सर, मग क्लॉक 4.2 च ठेवून फक्त व्होल्टेज उतरवलं तर? वर्ग तर फुकट मिळेल. माझ्या लॅपटॉपवर ते स्लायडर राखाडी आहे, हलतच नाही.

मांजराकाठ

थोडं मिळतं, कारण कारखाना प्रत्येक चिपला सुरक्षित राहावं म्हणून जास्तीचं व्होल्टेज देतो. 1.25 चे 1.18 झाले तरी 11 टक्के गेले. पण सगळ्यात लांब वाट ठोक्यात पोचली नाही की बिट चुकतो, आणि ते नेहमी मशीन बंद पडूनच कळतं असं नाही. Event Viewer मध्ये WHEA-Logger च्या नोंदी दिसायला लागल्या, मोठी झिप फाइल उघडताना CRC चुकली, रेंडरमध्ये एखाद्या फ्रेमवर चौकोनी डाग आला, तर व्होल्टेज परत वाढवा. गरम दुपारी तपासा, सकाळी नाही. लॅपटॉपचं स्लायडर 2019 मध्ये Plundervolt नावाचा हल्ला उघड झाल्यावर अनेक मशीनवर बंद केलं गेलं, कारण व्होल्टेज मुद्दाम घसरवून चिपच्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येत होती.

रेशीमगाठी_परभणी

ग्राहकाच्या लग्नात डाग आला तर उत्तर द्यायला जागा नाही, मी व्होल्टेजला हात लावत नाही. 3.6 वर ठेवलंय. दुपारी 83 अंश. बीडच्या मित्रा, लॅपटॉपवर टर्बो बंद करायचा तर मी जे केलं होतं ते असं, अ‍ॅडमिनच्या खिडकीत. बॅटरीवर असताना `setacvalueindex` च्या जागी `setdcvalueindex` लागतं.

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PROCTHROTTLEMAX 99
powercfg /setactive scheme_current
```

विद्यार्थी_बीड

केलं. माझा 2.1 वर येऊन थांबतो, व्होल्टेज 0.78. 1.6 ला आणलं तरी 0.78 च. म्हणजे मी त्या मर्यादेवर आलोय का?

मांजराकाठ

बहुतेक हो. 2.1 च ठेवा, त्याखाली बॅटरीच्या हिशोबात काही हाती लागणार नाही. 2.1 आणि 2.6 च्या मध्ये व्होल्टेज कुठे चढायला लागतं ते बघून इथे टाका.